मनीचं कोण बघणार? एकट्या आजीची मांजर आणि दुखण्याखुपण्याची तयारी



या वेळचा धडा मांजरीवर आहे म्हटल्यावर काही जणींना हसू येईल. कर्ज, व्याज, शेळ्या, शिलाई हे विषय आपल्या ओळखीचे. मांजरीचा धडा कशाला? कारण गृहभेटी करताना एक वाक्य मी वेगवेगळ्या गावांत ऐकलं आहे. एकट्या राहणाऱ्या आजींना म्हटलं, “डोळ्याला दिसत नाही, ऑपरेशन करून घ्या, निलंग्याला चला,” की आजी म्हणतात, “अन् मनीचं कोण बघावं, माय?” आपल्याला तो बहाणा वाटतो. पण बऱ्याचदा तो बहाणा नसतो. त्या घरात रोज ज्या जिवाचं करायचं असतं तो एकच जीव असतो, आणि त्याची सोय लागल्याशिवाय आजीचा पाय घराबाहेर निघत नाही. म्हणून मांजरीची सोय लावणं हे आजीला वेळेवर दवाखान्यात पोहोचवायचंच काम आहे. ते कसं करायचं, ते या धड्यात पाहू.

मांजर आजीला काय देते

आपल्या तालुक्यात अशी घरं किती आहेत ते तुम्ही जाणताच. पोरगा पुण्याला, लेक सासरी, सून-नातवंडं त्याच्याबरोबर. आजी गावातच, कारण घर आहे, थोडं रान आहे, श्रावणबाळचे पैसे इथल्या बँकेत येतात. अशा घरात मांजर बहुधा कुणी आणलेली नसते. तुरीच्या-सोयाबीनच्या पोत्यांमागे उंदीर लागतात, उंदरामागे मांजर येते, आणि आजी तिला वाटीभर दूध देते. मग ती तिथलीच होते.

एकट्या म्हातारपणात पहिल्यांदा काय सुटतं, तर चूल. “एकटीसाठी काय भाकरी थापायची?” म्हणून सकाळची भाकरी संध्याकाळी, नाहीतर नुसता चहा. आता त्या घरात मांजर असली, की ती ठरल्या वेळी पायात घोटाळते आणि ओरडते. आजी उठते, चूल पेटवते, मांजरीसाठी म्हणून भाकरी करते आणि स्वतःही दोन घास खाते. ज्या आजींना गोळी जेवणानंतर घ्यायची असते, त्यांची गोळीही त्यामुळे वेळेवर होते. दिवसाला वेळापत्रक येतं.

दुसरी गोष्ट बोलण्याची. दिवसभर घरात आवाज नसला की म्हातारं माणूस बोलायचंच कमी होतं. मांजरीशी आजी बोलते, रागावते, गाऱ्हाणं सांगते. तिसरी गोष्ट ऐकण्याची. आजीला कमी ऐकू येत असेल, तर दारात कुणी आलं की मांजर कान टवकारते, उठून बसते. त्यावरून आजीला कळतं.

पण याला मर्यादाही आहे. मांजर पाणी देत नाही, फोन लावत नाही. उलट अंधारात पायात आली तर म्हातारं माणूस पडू शकतं. म्हणून रात्री उठायच्या वाटेवर बारीक दिवा असावा, आणि आजीच्या उशाला बॅटरी. माणसांची ये-जा ती मांजरीने भरून निघत नाही. पण शेजारणीला हिच्यामुळे एक खूण मिळते: रोज सकाळी पोट भरलेली मांजर आज उशिरापर्यंत ओरडत फिरत असेल, तर आधी आजीच्या दारात जाऊन हाक मारावी.

मांजर हलवावी की तिथेच ठेवावी

आजी दवाखान्यात गेल्या की शेजारणी चांगल्या मनाने एक गोष्ट करतात. मांजर उचलतात आणि आपल्या घरी नेतात. दुसऱ्या दिवशी मांजर नाहीशी होते. ती बहुधा आजीच्या बंद दाराशी परत गेलेली असते, किंवा वाट चुकून कुत्र्यांच्या तावडीत सापडते.

कुत्रं माणसामागे जातं, मांजर घराला धरून राहते. तिला आपल्या घराचे वास, कोपरे, पळायच्या फटी ओळखीच्या असतात. त्यातून एकदम काढली तर ती घाबरते, लपून बसते आणि खाणं सोडते. मांजरीचं खाणं सुटणं साधं नाही. दोन-तीन दिवस पोटात काहीच गेलं नाही, तर अंगातली चरबी लिव्हरवर साचते आणि त्या दुखण्यात मांजर दगावू शकते. अंगाने जाड मांजरीला हा धोका जास्त. म्हणून “भूक लागली की खाईल” असं म्हणत चार दिवस वाट पाहायची नाही. पूर्ण दोन दिवस तोंड लावलं नाही तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायचं.

यावरून एक सोपा हिशोब निघतो. आजी साधारण दोन आठवड्यांच्या आत परतणार असतील, तर मांजर तिच्याच घरी राहू द्यायची आणि खाऊ घालणारीने तिथे जायचं. त्याहून जास्त लांबणार असेल, तरच तिला हलवायचं, आणि तेही पद्धतीने.

उदाहरण पहिलं: मोतीबिंदूचं ऑपरेशन

समजा, एक आजी आहेत, वय ७२. तारीख ठरली आहे. तपासणी, ऑपरेशन आणि येणं-जाणं धरून घर चार दिवस बंद राहील. शेजारच्या वहिनी मनीला सांभाळायला तयार आहेत. आता नेमकं काय करायचं?

जायच्या चार-पाच दिवस आधीपासून वहिनींनी आजींच्या समोरच मनीला खायला घालावं. मांजर अनोळखी हातचं लवकर खात नाही. वेळ तीच, वाटी तीच, जागा तीच. आजी कशी हाक मारतात ते ऐकून तशीच हाक मारावी.

चार दिवसांचं खाणं एकदम ठेवून जायचं नाही. मुंग्या लागतात, खाणं आंबतं, आणि बाहेरचा बोका येऊन खाऊन जातो. वहिनींनी सकाळ-संध्याकाळ जावं आणि मनी खाईपर्यंत दहा मिनिटं थांबावं. वाटी रिकामी झाली म्हणजे मनीनेच खाल्लं असं नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं. पाण्याचं भांडं रोज धुऊन भरावं. आणि कुलूप लावण्याआधी मनी आत, कोठीत किंवा पोत्यांमागे कोंडली तर नाही ना, हे बघावं. तिची रोजची ये-जा करायची फट किंवा खिडकी उघडी राहिली पाहिजे.

खाण्याबद्दल थोडं. आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-भाकरी असं समीकरण आहे. मांजर मुळात मांस खाणारा प्राणी आहे. भाकरीने पोट भरतं, पण तिला लागतं ते सगळं भाकरीत नसतं. गावातली मांजर ती उणीव उंदीर धरून भरून काढते. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरींना दूधही पचत नाही. दुधाने ढाळ लागत असेल तर दूध बंद करून पाणी द्यावं. भाकरीच्या कुस्करीत उकडलेलं अंडं घालावं, किंवा थोडी सुकट. सुकट खारट असते, म्हणून ती दोन पाण्यांतून धुऊन घ्यावी. आजी माळकरी असतील आणि घरात अंडं चालत नसेल, तर त्यांच्या घरात ते नेऊ नये. वहिनींनी आपल्या ओट्यावर किंवा अंगणात घालावं. आजींना आधी विचारावं, म्हणजे नंतर मनात राहत नाही.

आता आजी घरी परतल्या. इथे खरी काळजी सुरू होते. ऑपरेशननंतर काही आठवडे डोळ्यात थेंब घालायचे असतात, आणि सुरुवातीचे दिवस वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, धूळ-पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टर सांगतात. मनी मात्र नेहमीसारखी उशाशी येऊन झोपणार. एक नख डोळ्याला लागलं तर केलेलं ऑपरेशन वाया जाईल. म्हणून तेवढे दिवस मनीची झोपायची जागा वेगळी: आजींच्या जुन्या लुगड्याची घडी दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीत टाकावी. त्याला आजींचा वास असतो, म्हणून मनी तिथे बसते. रात्री मधलं दार लावून घ्यावं. मनीची वाटी जमिनीवरून उचलायला आजींना वाकावं लागू नये, म्हणून वाटी ठेवणं-उचलणं वहिनींनीच करावं. थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवावेत. डॉक्टरांनी “आता चालेल” म्हटलं की मनी परत उशाशी.

उदाहरण दुसरं: अचानक पडल्या तर

त्याच आजी. या वेळी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. १०८ ची गाडी आली, निलंग्याहून लातूरला नेलं, ऑपरेशन झालं, आणि तिथून मुलगा पुण्याला घेऊन गेला. आता तीन महिने तरी परत येणं नाही. तारीख ठरलेली नव्हती, तयारी करायला वेळ मिळाला नाही. अशा वेळी आधी लिहून ठेवलेला कागदच कामाला येतो.

तो कागद आजींना बरं असतानाच लिहायचा. एकच पान पुरे. त्यावर पाच गोष्टी असाव्यात: पहिल्या दिवसापासून मनीला कोण घालणार, ती नसली तर दुसरी कोण, घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, मनी काय खाते, कधी खाते, तिला काय सोसत नाही, मनीला कोणत्या लसी दिल्या आणि कधी, आणि लांबलं तर तिला कायमचं कोण ठेवून घेणार. आजींच्या मुलाचा आणि लेकीचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत. एक प्रत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी, एक वहिनींकडे, आणि एक गटाच्या फाईलला. आजी पडल्या त्या रात्री मदतीला धावणाऱ्याला हा कागद दिसला पाहिजे, म्हणून तो पेटीत ठेवायचा नाही.

आजी तीन महिने येणार नाहीत हे नक्की झालं, की मनीला हलवायचं. पद्धत अशी. टोपलीत आजींचं जुनं लुगडं घाला, मनीला आत बसवा आणि वरून दुसरी टोपली बांधा. नव्या घरी एकच खोली द्या, खिडकी-दार बंद. कोपऱ्यात घमेल्यात वाळू किंवा मऊ माती भरून ठेवा, ती तिथेच घाण करते. रोज घमेलं साफ करा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिला देऊ नका, कारण मांजरीच्या विष्ठेतून पोटातल्या बाळाला बाधणारा आजार होऊ शकतो. पहिला दिवस मनी लपून बसेल, तिला ओढून काढू नका. वाटी ठेवा आणि बाहेर या. दोन ते तीन आठवडे ती खोलीतच राहू द्या. मग एक दिवस संध्याकाळच्या खाण्याच्या आधी, ती भुकेली असताना दार उघडा. थोडी फिरते आणि वाटीच्या आवाजाला परत येते. पोट भरल्यावर सोडली तर ती जुन्या घराकडे निघते.

धरताना घाबरलेली मांजर चावते, ओरबाडते. जाड टॉवेल अंगावर टाकून धरावी. तरी चावलीच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो असं नाही, मांजरीपासूनही होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. मांजरीला तीन महिन्यांनंतर रेबीजची लस देता येते आणि ती दर वर्षी द्यायची असते. मांजर लस दिलेली आहे म्हटल्यावर सांभाळणारी बाईही तयार होते.

आणखी एक. मांजर सुस्तावली म्हणून घरातली तापाची गोळी तिला कधीच देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरते. आणि शेजारी कुणी उंदरांचं औषध टाकणार असेल तर आधी सांगायला लावा, कारण विष खाल्लेला उंदीर मांजरीने खाल्ला तर तीही जाते.

आजी परतल्याच नाहीत तर

हे बोलायला अवघड आहे, पण आजींच्या मनात ते असतंच. आपण विषय काढला तर त्यांना वाईट वाटण्यापेक्षा हायसंच वाटतं.

रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले. त्यांच्या मृत्युपत्रात टिटो नावाच्या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद होती, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. एवढ्या मोठ्या माणसालाही दोनच गोष्टी ठरवाव्या लागल्या: सांभाळणारं माणूस कोण, आणि खर्चाचे पैसे कुठून. आपल्या आजींनाही त्याच दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. कायद्याने मांजरीच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत, ते माणसाच्याच नावावर ठेवावे लागतात. म्हणून माणूस विश्वासाचं हवं.

माणूस ठरवताना “कुणीतरी बघेल” यावर थांबू नका. नाव हवं, आणि त्या बाईने आजींच्या समोर होकार दिलेला हवा. लोक नकार बहुतेक वेळा पिलांमुळे देतात. मांजर साधारण दोन महिने गाभण राहते आणि वर्षातून दोन-तीन वेळा विते. एक मांजर घेतली की वर्षात घरभर पिलं, ही भीती खरी आहे. मनीचं नसबंदीचं ऑपरेशन आजींच्या हयातीत करून घेतलं, तर ही अडचण संपते. निलंग्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा. आपल्याच जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल. फोन करूनच जा, म्हणजे टोपलीत मांजर घेऊन हेलपाटा होत नाही.

आता पैसे. रोजचं एक अंडं, थोडी सुकट आणि भाकरी मिळून १५ रुपये धरले, तर महिन्याला ४५० होतात. श्रावणबाळचे महिन्याला १५०० मिळणाऱ्या बाईला ही रक्कम मोठी आहे. पण एकदम काढायची नाही. महिन्याला ५० रुपये वेगळ्या डब्यात टाकले, तर ९ महिन्यांत मनीचा एका महिन्याचा खर्च जमतो. नव्या घरी मांजर खोलीत असते, उंदीर धरत नाही, तेव्हा विकतचं खाणं लागतं. तो सुरुवातीचा महिना या पैशांत निघतो. पुढे ती फिरायला लागली की खर्च कमी होतो. हा डबा कुणाकडे जाईल ते त्या कागदावर लिहावं. घर-रानाबरोबर मोठी रक्कम द्यायची असेल, तर मृत्युपत्रात सांभाळणारीचं नाव घालता येतं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. आजींची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.

आणि कुणा एकट्या आजीला सोबत म्हणून मांजरीचं पिलू द्यायचा विचार असेल, तर जरा थांबा. घरची मांजर नीट सांभाळली तर १२ ते १५ वर्षं जगते. पंचाहत्तरीच्या आजींना लहान पिलू देणं म्हणजे पुढची काळजीही देणं. त्यापेक्षा शांत झालेली, मोठी मांजर द्यावी. ती पायात कमी येते, ओरबाडत कमी असते, आणि तिचा स्वभाव आधीच कळलेला असतो.

पुढच्या बैठकीत

बचत आणि कर्जाचा हिशोब झाला की पंधरा मिनिटं यासाठी काढा. आपल्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या किती जणी आहेत आणि त्यांच्याकडे मांजर, शेळी, कोंबड्या काय आहे, याची यादी करा. प्रत्येक घरासाठी एक सदस्या ठरवा. तिने या आठवड्यात आजींकडे बसून तो एक पानाचा कागद लिहून घ्यावा, आजींच्याच शब्दांत. आजींना लिहिता येत नसेल तर त्या सांगतील आणि तुम्ही लिहा, मग मोठ्याने वाचून दाखवा. कुणाची जबाबदारी कुणी घेतली ते इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे सहा महिन्यांनी विचारता येईल.

कागद लिहून झाला की त्याच बैठकीत आजींना विचारा, “आता सांगा, डोळ्याच्या तपासणीला कधी जायचं?” तारीखही त्याच कागदावर टाका.